पगारदारांना बोलावणं धाडताना

माझ्या ओळखीचे एक करसल्लागार आहेत. पेशानं सीए, ऑफिस डोंबिवलीला, आणि अशिलांमध्ये निम्म्याहून जास्त नोकरदार माणसं. दरवर्षी जानेवारी आला की त्यांचा फोन तेच ते प्रश्न विचारून तापतो. मग डिसेंबरच्या अखेरीस त्यांनी ठरवलं, की एका रविवारी तासभर ऑनलाइन बसायचं, सगळ्यांना एकदम समजावून सांगायचं आणि पैसे घ्यायचे नाहीत. निमंत्रणाचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला आणि “जरा बघा, शुद्धलेखन वगैरे,” म्हणून माझ्याकडे पाठवला.

मजकूर असा होता: “पगारदारांसाठी सुवर्णसंधी! नामवंत करसल्लागारांचं मोफत वेबिनार! टॅक्स प्लॅनिंग, ओल्ड आणि न्यू रेजिम, आयटीआर, कॅपिटल गेन, रिफंड, नोटीस – सर्व काही एका तासात. जास्तीत जास्त कर वाचवा. जागा मर्यादित, त्वरा करा. रिटर्न भरण्यासाठी आजच संपर्क साधा.”

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. पण हे वाचून मी त्या तासाला गेलो असतो का, असं मनाशी विचारलं, तर नसतो गेलो. माझ्या कामाचं त्यात काय आहे तेच कळत नव्हतं. एका तासात सहा विषय म्हटले की प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं येतात, आणि दहा मिनिटांत कॅपिटल गेन कुणालाही समजत नाही. शिवाय “मोफत”, “त्वरा करा” आणि “जास्तीत जास्त कर वाचवा” हे तीन शब्दप्रयोग एका खाली एक आले की वाचणाऱ्याला आधी आठवतात ते रिफंडच्या नावानं येणारे फसवे मेसेज.

मी त्यांना विचारलं, “त्या तासानंतर माणसानं नेमकं काय करायचं?”

ते म्हणाले, “ऑफिसला सांगायचं, जुनी रेजिम की नवी. जानेवारीत सगळ्यांचं तेवढंच अडतं.”

निमंत्रण तिथून सुरू व्हायला हवं होतं.

पगारदाराच्या करात वर्षभरात दोन वेळा कामाच्या असतात. एक जुलैच्या अखेरीची, विवरणपत्र भरायची. दुसरी जानेवारी-फेब्रुवारीची, ऑफिस गुंतवणुकीचे पुरावे मागतं ती. एप्रिलमध्ये आपण नुसतं कबूल केलेलं असतं की विमा भरीन, पीपीएफमध्ये टाकीन, भाड्याच्या पावत्या देईन. जानेवारीत एचआरची मेल येते, की आता कागद दाखवा. ठरलेला फॉर्म भरून कागद दिले नाहीत, तर ऑफिस ती वजावट धरत नाही आणि राहिलेला कर उरलेल्या दोन-तीन पगारांतून कापून घेतं. मार्चचा पगार हातात निम्मा आला म्हणून रडणारी माणसं प्रत्येक ऑफिसात सापडतात.

जानेवारीत बोलावण्याला अर्थ आहे तो एवढ्यासाठी, की 31 मार्च अजून पुढे असतो. काही गुंतवायचं, विमा काढायचा, तर वेळ असतो. जुलैमध्ये वर्ष संपलेलं असतं. तेव्हा फक्त झालेल्या खर्चाचा हिशेब लावायचा आणि दोन पद्धतींपैकी स्वस्त पडेल ती निवडायची. ज्याला धंद्याचं उत्पन्न नाही अशा पगारदाराला ही निवड दरवर्षी नव्यानं करता येते. ऑफिसला एक सांगून विवरणपत्रात दुसरी घेतली तरी चालते, मात्र जुनी हवी असेल तर विवरणपत्र मुदतीत भरावं लागतं. उशीर झाला की नवी पद्धतच गळ्यात पडते. म्हणून जानेवारीच्या निमंत्रणात “आयटीआर भरण्याची संपूर्ण माहिती” असं लिहिलं तर ते लग्नाच्या पत्रिकेत बारशाचं जेवण छापण्यासारखं होतं.

तेव्हा विषय एकच ठरला: जुनी की नवी. पण “जुनी की नवी” असा मथळा गावभर झालेला असतो, त्यात वाचणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसत नाही. ते दिसावं म्हणून आम्ही एका ऑफिसातल्या दोन टेबलांचा हिशेब मांडला. ही माणसं कल्पनेतली आहेत, पण आकडे कायद्यातले आहेत.

दोघांचाही वर्षाचा पगार 15 लाख. नव्या पद्धतीत पगारदाराला 75,000 रुपयांची सरसकट वजावट मिळते, म्हणजे करपात्र उरले 14,25,000. आर्थिक वर्ष 2025-26 साठी पहिले 4 लाख मोकळे, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्के आणि 12 च्या वरच्या भागावर 15 टक्के. बेरीज 93,750, त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 97,500 रुपये. हे दोघांनाही सारखंच, कारण नव्या पद्धतीत घरभाडं, विमा, पीपीएफ, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज यांपैकी काही विचारलंच जात नाही.

आता जुनी पद्धत. पहिल्या टेबलावरच्या बाई ठाण्याला स्वतःच्या घरात राहतात. 80सी चे दीड लाख पूर्ण, आरोग्य विम्याचे 25,000, गृहकर्जाच्या व्याजाचे पूर्ण 2 लाख, व्यवसाय कराचे 2,500 आणि सरसकट वजावट 50,000. इतकं सगळं शिस्तीत करूनही करपात्र उत्पन्न 10,72,500 राहतं आणि कर होतो 1,39,620. म्हणजे नव्या पद्धतीपेक्षा 42,120 रुपये जास्त. बाईंनी इतकी वर्षं सगळ्या पावत्या जपून ठेवल्या, आणि त्या पावत्यांनीच त्यांना महागात पाडलं असतं.

दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ नाशिकचे. नोकरी मुंबईत, म्हणून नाशिकचा फ्लॅट कर्जावर आणि मुंबईत महिना 25,000 भाडं. वजावटी सगळ्या बाईंसारख्याच, फक्त वर घरभाडे भत्त्याची सूट. त्यांचा मूळ पगार 6 लाख, भत्ता 3 लाख. भरलेल्या भाड्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा केला की 2,40,000 उरतात, आणि तीन मर्यादांपैकी हीच सगळ्यात कमी, म्हणून सूट तेवढी. करपात्र उत्पन्न 8,32,500 वर येतं आणि कर 82,160. नव्या पद्धतीपेक्षा 15,340 रुपये कमी.

पगार एक, ऑफिस एक, आणि उत्तरं उलटी. सीए म्हणाले, हे तर मी रोज बघतो. मी म्हणालो, हेच तर वर घ्यायचं. मोठा दावा न करता वाचणाऱ्याला थांबवणारी एवढी एकच गोष्ट आमच्या हातात होती. तिच्यात माणूस लगेच स्वतःला शोधतो: मी ठाण्याच्या बाईंसारखा की नाशिकच्या गृहस्थांसारखा?

हा हिशेब करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम 87ए ची सवलत मिळून कर शून्य होतो. त्यात 75,000 ची वजावट मिळवली की पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असलेल्या माणसाला कर लागत नाही. त्याला जुनी-नवी हा प्रश्नच पडायला नको. मग निमंत्रणात सरळ लिहावं, की पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर तुम्ही येण्याची गरज नाही, नवी पद्धत घ्या आणि रविवार घरच्यांबरोबर काढा. सीए आधी बिचकले. माणसं कमी होतील म्हणाले. होणारच होती. पण जो सल्लागार “तुम्ही येऊ नका” म्हणतो, त्याचं पुढचं वाक्य लोक जरा विश्वासानं वाचतात. आणि न येणाऱ्याचं कामही निमंत्रणातच झालं, हे काय थोडं आहे?

इथे एक अडचण होती. पगार विचारला की लोक सीटीसी सांगतात. सीटीसीत कंपनीनं भरलेला भविष्य निर्वाह निधी असतो, ग्रॅच्युइटी असते, कधी गटविम्याचा हप्ताही असतो. तो आकडा पगाराच्या चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा लाख-दीड लाखानं सहज मोठा दिसतो. सीटीसी 14 लाख असलेला माणूस कदाचित शून्य करात बसत असेल आणि स्वतःला उगाच बाहेर समजत असेल. म्हणून “पगार” या शब्दापुढे “सीटीसी नव्हे, पगारचिठ्ठीवरची वर्षाची बेरीज” हे शब्द घालावे लागले. वाक्य त्यामुळे लांब झालं, पण इथे आखूड वाक्य फसवं ठरलं असतं.

शब्दांवरून आमची थोडी ओढाताणही झाली. मला “करप्रणाली” बरी वाटत होती. सीए म्हणाले, एचआरच्या मेलमध्ये काय असतं? “रेजिम” असतं. लोक पडद्यावर तोच शब्द शोधणार. मी हार मानली. “वजावट” आणि “सूट” मात्र ठेवले, कारण ते दोन्ही माणसं बोलतात आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. “रिबेट” टाळलं, कारण ते लिहिलं की लोकांना साड्यांचं दुकान आठवतं.

मग त्यांच्या मजकुराच्या शेपटावर आलो. “नामवंत” आणि “आजच संपर्क साधा” हे दोन्ही काढायला लागले, ते माझ्या आवडीनिवडीमुळे नव्हे. सनदी लेखापालांसाठी 1949 चा कायदा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीच्या पहिल्या भागात सहावं कलम सांगतं, की जाहिरातीनं, पत्रकानं किंवा भेटून-बोलून, सरळ किंवा आडून, अशील मागू नये. सातवं कलम आपल्या व्यावसायिक कर्तबगारीची जाहिरात करायला मनाई करतं. संस्थेनं यात काही मोकळीक देणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत आणि त्या वेळोवेळी बदलतात, म्हणून मजकूर पाठवण्याआधी त्या-त्या वेळच्या सूचना पाहाव्याच लागतात. पण “आमच्याकडे रिटर्न भरा” हे वाक्य विषय शिकवण्याच्या निमंत्रणात बसत नाही, हे त्यांनीही मान्य केलं. वकील असते तर बार कौन्सिलच्या नियमांनी त्यांनाही असंच बांधलं असतं.

आपल्याकडे “टॅक्स कन्सल्टंट” ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं. बी.कॉम. असतील, जी.डी.सी. अँड ए. झालेले असतील, तीस वर्षांच्या अनुभवानं भले भले त्यांच्याकडे येत असतील. त्यांना ही कलमं लागू नाहीत. पण मग निमंत्रणात त्यांनी आपण काय आहोत ते स्पष्ट लिहावं. नावाआधी काही नसेल तर वाचणारा सीए धरून चालतो, आणि ती समजूत तशीच राहू देणं बरं नव्हे. एक ओळ पुरते: शिक्षण काय, किती वर्षं पगारदारांची विवरणपत्रं भरतात.

“जास्तीत जास्त कर वाचवा” या ओळीबद्दल तर वेगळंच कारण होतं. 2025 च्या जुलैत आयकर खात्यानं देशभर अनेक ठिकाणी तपासणी केली, ती खोट्या वजावटी दाखवून रिफंड मिळवून देणाऱ्यांवर होती. घरभाडं नसताना भाडं, देणगी नसताना देणगी, आणि मिळालेल्या रिफंडात मध्यस्थाचा वाटा. अशा लोकांचं निमंत्रणही याच ओळीनं सुरू होतं. आपल्या दारावर त्यांचीच पाटी कशाला लावायची?

राहिलं “मोफत”. ते खरं होतं, लिहायलाच हवं. पण मोफत म्हटलं की मराठी माणूस ताबडतोब विचारतो, यात ह्यांचं काय? शेवटी विमा विकतील, म्युच्युअल फंड विकतील, नाहीतर महिनाभर फोन करतील. त्याला उत्तर दिल्याशिवाय तो नोंदणी करत नाही, आणि केली तर खोटा नंबर देतो. आम्ही सीएंना विचारलं, तुमचं यात काय? ते म्हणाले, तोच प्रश्न चाळीस जणांना फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सांगेन. मग तेच लिहिलं, आणि त्यापुढे लिहिलं की काही विकलं जाणार नाही, नंतर तुम्हाला फोन येणार नाही. ही ओळ लिहिणं सोपं, पाळणं अवघड. त्यासाठी पुढे अर्जच बदलावा लागला.

शेवटी मजकूर असा उतरला:

“पगार सारखाच, मग कर वेगळा का?

15 लाख पगाराच्या दोन सहकाऱ्यांपैकी एकाला जुन्या रेजिममध्ये 15,340 रुपये वाचतात, दुसरीला त्याच रेजिममध्ये 42,120 रुपये जास्त लागतात. फरक फक्त घरभाड्याचा. तुमचं काय, ते स्वतः आकडे मांडून ठरवायला या तासात शिकू.

कुणासाठी: वर्षाचा पगार (सीटीसी नव्हे, पगारचिठ्ठीवरची बेरीज) पावणेतेरा लाखांच्या वर असलेले नोकरदार. त्याच्या आत असाल तर नव्या रेजिममध्ये तुम्हाला कर नाही, येण्याची गरज नाही.

रविवार, 18 जानेवारी 2026, सकाळी 11 ते 12, झूमवर, मराठीतून. 40 मिनिटं हिशेब, 20 मिनिटं प्रश्न. आर्थिक वर्ष 2025-26 पुरतं.

शेअर, धंद्याचं उत्पन्न आणि नोटिशी हे विषय यात नाहीत. शुल्क नाही, काही विकलं जाणार नाही, नंतर फोन येणार नाही.”

खाली सीएंचं नाव आणि नोंदणीचा दुवा.

वार, तारीख, वर्ष आणि आर्थिक वर्ष हे चारही लिहिण्यामागे व्हॉट्सअॅपचा अनुभव आहे. निमंत्रण एकदा सोडलं की ते सोसायटीच्या ग्रुपवर, तिथून माहेरच्या ग्रुपवर आणि तिथून पुढच्या वर्षीपर्यंत फिरतं. “येत्या रविवारी” लिहिलं तर पुढच्या जानेवारीत कुणीतरी त्या रविवारी वाट बघत बसतो. करात तर ते जास्तच घातक, कारण आकडे दर अर्थसंकल्पाला हलू शकतात. शिवाय 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा नवा आयकर कायदा आला. आपल्या तासातला हिशेब मात्र जुन्या कायद्याखालच्या शेवटच्या वर्षाचा होता.

सीएंच्या पुतण्यानं निमंत्रणाचं रंगीत पोस्टर केलं होतं, कोपऱ्यात नाण्यांच्या चळतीवर उगवलेलं रोपटं. पोस्टर पाठवायला हरकत नाही, पण चित्रातल्या दुव्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. म्हणून मजकूर वेगळा पाठवायचा, आणि पहिल्या दोन ओळींतच प्रश्न यायला हवा, कारण लांब मेसेज अर्धा दिसतो आणि बाकीचा “पुढे वाचा”च्या मागे दडतो. पहिल्या दोन ओळी “सप्रेम नमस्कार, आपणांस कळविण्यास आनंद होतो की” यात गेल्या, तर तो आनंद आपल्यापाशीच राहतो.

आता नोंदणीचा अर्ज. पुतण्यानं तो गूगल फॉर्म्सवर केला होता, आणि त्यात अकरा रकाने होते: नाव, जन्मतारीख, मोबाइल, ई-मेल, पत्ता, कंपनी, हुद्दा, वर्षाचा पगार, पॅन, सध्याचा सल्लागार कोण, आणि “आमच्या सेवांबद्दल माहिती मिळावी का”. शेवटच्यापुढे बरोबरची खूण आधीच मारून ठेवलेली. प्रत्येक रकाना सक्तीचा.

पॅन विचारला तर तिथेच अर्ज बंद होतो, आणि व्हायलाच हवा. आपण गेली कित्येक वर्षं लोकांना सांगतोय, की आलेल्या दुव्यावर पॅन, आधार, बँकेचा तपशील भरू नका. मग आपल्याच अर्जात तो कसा मागणार? पगाराचंही तसंच. बायकोला न सांगितलेला आकडा माणूस अनोळखी अर्जात लिहीत नाही.

विचारायचं ते एवढंच, ज्याच्यावाचून कार्यक्रम होणार नाही. दुवा पोचवायला ई-मेल लागतो. हाक मारायला नाव लागतं, तेही टोपणनाव चालेल. 2023 चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा हेच सांगतो: संमती मोकळेपणानं, विशिष्ट कारणासाठी, स्पष्ट कृतीनं दिलेली हवी, आणि त्या कारणाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती ती धरायची. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. आधीच मारलेली खूण ही माझी संमती नव्हे, ती पुतण्याची आहे. कायद्यातली माहितीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचता येण्याची सोय हवी, म्हणजे मराठीतही. आमच्या अर्जाच्या माथ्यावर दोन ओळी आल्या: “ई-मेल फक्त या कार्यक्रमाचा दुवा आणि हिशेबाचा तक्ता पाठवायला वापरू. 31 जानेवारीला यादी पुसून टाकू.” आणि 31 जानेवारी सीएंच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनानं गोल करून ठेवली.

मोबाइल नंबर काढताना सगळ्यात जास्त वाद झाला. लोक मेल बघत नाहीत, व्हॉट्सअॅप बघतात, हे सीएंचं म्हणणं खरंच होतं. पण नंबर घेऊन करणार काय? सगळ्यांचा ग्रुप केला तर प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि त्यातला एखादा विमा एजंट त्याच संध्याकाळी कामाला लागतो. “नंतर फोन येणार नाही” हे वचन मग आपण न मोडताही मोडलेलं असतं. ब्रॉडकास्ट यादी केली तर तिची मर्यादा 256 जणांची, आणि मेसेज पोचतो फक्त त्यांनाच ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवलेला आहे. नव्या माणसांना तो जातच नाही, आणि पाठवणाऱ्याला वाटतं की सगळ्यांना गेला. तेव्हा ई-मेलच ठेवला. फक्त मेल पाठवताना सगळे पत्ते बीसीसीत टाकायचे, नाहीतर तीच गोष्ट दुसऱ्या दारानं आत येते. आणि गूगल फॉर्म्समध्ये अर्ज पाठवल्यावर दिसणारा जो आभाराचा मजकूर असतो, त्यातच झूमचा दुवा आणि वेळ लिहून टाकली. “आपला प्रतिसाद नोंदवला आहे” एवढंच दाखवून माणसाला अधांतरी सोडण्यापेक्षा हे बरं. त्याच जागी त्याला सांगितलं, की दुवा कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

तिसरा रकाना मात्र मी आग्रहानं घातला, आणि तो सक्तीचा नव्हता. “तुमच्यापुढे काय आहे?” त्याखाली खुणा करायच्या: भाड्यानं राहतो, गृहकर्ज आहे, दोन्ही आहे, दोन्ही नाही, यंदा नोकरी बदलली. शेवटी एक मोकळी ओळ. यात पगार नाही, कंपनी नाही, ओळख पटेल असं काही नाही, पण बोलणाऱ्याला आपल्यापुढे कोण बसणार आहे हे कळतं.

त्याचा उपयोग आठवड्यातच दिसला. नोकरी बदललेली माणसं अपेक्षेपेक्षा बरीच निघाली. त्यांचा घोटाळा वेगळा असतो. जुन्या कंपनीनं सरसकट वजावट आणि सुरुवातीचे मोकळे लाख धरून कर कापलेला असतो, नव्या कंपनीला आधीच्या पगाराचा पत्ता नसतो, म्हणून तीही पुन्हा तेच धरते. दोन्हीकडे कर कमी कापला जातो, आणि जुलैमध्ये दोन फॉर्म 16 एकत्र ठेवले की हजारोंची तूट समोर येते. सीएंनी हिशेबाच्या 40 मिनिटांतली 10 त्यासाठी काढली आणि घरभाड्याच्या तीन मर्यादांचं लांबलचक विवेचन आखूड केलं. अर्जात पॅन असता तर यातलं काही कळलं नसतं.

झूमचंही एक पाहून घ्यावं लागलं. फुकटच्या झूममध्ये बैठक 40 मिनिटांनी बंद पडते आणि शंभरापुढे माणसं आत येऊ शकत नाहीत. म्हणजे बरोबर प्रश्न सुरू व्हायच्या वेळी पडदा काळा. सीएंनी एका महिन्याचं शुल्क भरलं. तरी साध्या बैठकीत सगळ्यांची नावं सगळ्यांना दिसतात, चॅटमध्ये सर्वांना उद्देशून लिहिलेलंही. उत्साही माणूस तिथे “माझा पगार 22 लाख, गृहकर्ज अमुक” असं लिहितो आणि त्याचा साहेब त्याच बैठकीत बसलेला असतो. म्हणून आदल्या दिवशीच्या आठवणीच्या मेलमध्ये तीन गोष्टी लिहिल्या: पगारचिठ्ठी, भाड्याची पावती आणि बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र जवळ ठेवा, कुणाला पाठवू नका, आणि आकडे चॅटमध्ये लिहू नका. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असेल तर ऑफिस घरमालकाचा पॅन मागतं, तो आजच मागून ठेवा, हेही जोडलं. घरमालक पॅन द्यायला का टाळतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दुसरी आठवण त्याच सकाळी दहा वाजता, एका ओळीची, फक्त दुवा. रविवारी अकराच्या वेळेबद्दल माझा आक्षेप होता, कारण आमच्याकडे त्या वेळी घरातला कर्ता पुरुष मटणाच्या दुकानासमोर रांगेत असतो. सीए म्हणाले, रांगेत उभ्या माणसाच्या हातात फोन असतो.

मोकळ्या ओळीत आलेली एक नोंद मात्र आम्हाला दोघांनाही चुकवून गेली. कुणीतरी लिहिलं होतं: “पगार अकरा लाख. तुम्ही म्हणता गरज नाही. पण यंदा शेअर विकलेत. तरी नको येऊ?”

सीएंनी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. 87ए ची सवलत शेअरवरच्या अल्पमुदतीच्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला लागू होत नाही. पगार शून्य करात बसला तरी त्या नफ्यावर 20 टक्के वेगळे लागतात. आमची सगळ्यात प्रामाणिक वाटणारी ओळ अर्धवट होती, आणि ती तोपर्यंत कित्येक ग्रुपांवर फिरली होती.

त्याच रात्री त्यांनी नोंदणीचा माथा बदलला, ज्यांनी-ज्यांनी निमंत्रण पुढे पाठवलं होतं त्यांना दुरुस्ती पाठवली, आणि त्या माणसाला स्वतः उत्तर लिहिलं. बदललेली ओळ आता अशी आहे: “पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल आणि वर्षभरात शेअर, फंड किंवा घर विकलं नसेल, तर नव्या रेजिममध्ये तुम्हाला कर नाही, येण्याची गरज नाही. विकलं असेल तर हा तासही तुम्हाला पुरणार नाही. तुमच्या नेहमीच्या सल्लागाराला विक्रीचे कागद दाखवा.”